साथीचा आजार, साधी मेडिक्लेम आणि घरी घेतलेले उपचार

प्रश्न: आमची पाच लाखांची साधी फॅमिली फ्लोटर मेडिक्लेम आहे, कोविडसाठी वेगळी पॉलिसी कधी घेतली नाही. पुन्हा तशी साथ आली, किंवा डेंग्यू-स्वाइन फ्लूची आली, तर याच पॉलिसीतून पैसे मिळतील का? लस घेतल्यावर त्रास झाला तर? आणि बेड मिळाला नाही म्हणून घरीच उपचार केले तर? एजंट म्हणतो सगळं कव्हर आहे, पण नक्की कोणी सांगत नाही.

उत्तर: दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर साथीच्या आजाराचे पैसे साध्या पॉलिसीतून मिळतात. लसीनंतरच्या त्रासासाठी भरती व्हावं लागलं तर त्याचेही मिळतात. घरच्या उपचारांचं मात्र "हो" किंवा "नाही" असं एका शब्दात सांगता येत नाही. साथीच्या काळात सर्वांत जास्त क्लेम तिथेच अडकतात, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. मी बरीच वर्षं क्लेमच्या कामात आहे. आधी टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडे, फाइली तपासायचो, आता पॉलिसीधारकांच्या बाजूने बघतो.

आधी भरतीचं बघू. आपल्याकडची नेहमीची मेडिक्लेम आजाराच्या नावावर चालत नाही. "आजार किंवा अपघातामुळे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक अशी भरती" असा तिचा पाया असतो. जे वगळायचं ते पॉलिसीत लिहून वगळावं लागतं. त्यामुळे २०२० मध्ये अगदी नवा विषाणू आला तरी तो आधीपासूनच्या पॉलिसींमध्ये आपोआप बसला. ४ मार्च २०२० रोजी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर करायच्या आठवडाभर आधी, विमा नियामक आयआरडीएआयने विमा कंपन्यांना परिपत्रक काढून सांगितलं की ज्या पॉलिसीत भरतीचा खर्च मिळतो तिथे कोविडचे क्लेम लवकर निकाली काढा. विलगीकरणाच्या काळातल्या उपचारांचा खर्चही पॉलिसीच्या अटींनुसार द्या आणि नाकारण्यापूर्वी प्रत्येक क्लेम समितीपुढे ठेवा. पुढे जुलै २०२० मध्ये कोरोना कवच ही फक्त कोविडसाठीची पॉलिसी आली. ती ज्यांच्याकडे काहीच पॉलिसी नव्हती त्यांना उपयोगी पडली आणि घरच्या उपचारांसाठीही उपयोगी पडली. भरतीच्या खर्चासाठी तुमची साधी पॉलिसी तेव्हाही पुरेशी होती.

इथे वेळेची एक अट आहे. नवीन पॉलिसी घेतल्यापासून पहिले ३० दिवस अपघात सोडून कोणत्याही आजाराचा क्लेम मिळत नाही. साथ गावात आल्यावर पॉलिसी घ्यायला धावणारे यात सापडतात. तुमची पॉलिसी खंड न पडता रिन्यू होत असेल तर हा प्रश्न येत नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाला साथीचा आजार झाला की "हे जुन्या आजारामुळे" असं म्हणून क्लेम अडवायचा प्रयत्न कधीकधी होतो. मधुमेहामुळे डेंग्यू होत नाही. तशी क्वेरी आली तर डॉक्टरांकडून दोन ओळींचं पत्र घ्यावं की हा संसर्ग नव्याने झालेला आहे आणि भरती त्याच्यासाठीच होती.

भरतीच्या क्लेमवर खरी अडचण येते ती "भरतीची गरज नव्हती" या शेऱ्याने. साथीत लोक घाबरून भरती होतात, काही दवाखानेही करून घेतात, आणि कंपनी सरकारी मार्गदर्शक सूचना समोर ठेवते. कोविडच्या राष्ट्रीय सूचनांमध्ये ऑक्सिजनची पातळी ९४ किंवा त्याहून वर असेल तर आजार सौम्य, ९० ते ९३ असेल तर मध्यम आणि ९० च्या खाली गेली तर गंभीर अशी विभागणी होती. सौम्य रुग्णाला घरीच राहायला सांगितलं होतं. साहजिकच ज्याच्या केसपेपरवर रोज ९७-९८ लिहिलंय आणि उपचारात फक्त गोळ्या आहेत, त्याचा क्लेम बाहेर फेकला जायचा. डेंग्यूचंही तसंच आहे. एनएस-वन ही डेंग्यूची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली, प्लेटलेट दीड लाखावरून एक लाखावर आले, म्हणून भरती, आणि उपचार काय तर पॅरासिटामॉल. अशी फाइल तपासणारा डॉक्टर लगेच विचारतो की हे ओपीडीत का झालं नाही. त्याला पोटदुखी, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गळून जाणं, हिमॅटोक्रिट वाढत असताना प्लेटलेट झपाट्याने उतरणं, असं काहीतरी केसपेपरवर दिसायला हवं असतं. ही डेंग्यूची धोक्याची लक्षणं आहेत आणि ती असतील तर भरती करायचीच असते.

रुग्णाला पोटदुखी असते, उलट्या असतात, तो डॉक्टरांना सांगतोही. पण भरतीच्या पहिल्या कागदावर "ताप, अंगदुखी, चार दिवसांपासून" एवढंच उतरतं. क्लेम त्या कागदावर वाचला जातो. म्हणून भरती होताना सोबतच्या माणसाने एक गोष्ट करावी: ड्युटी डॉक्टर माहिती लिहून घेत असताना जी लक्षणं खरोखर आहेत ती सगळी सांगावीत, ऑक्सिजनची पातळी घरी मोजली असेल तर वेळेसकट सांगावी, आणि "बाहेरच्या डॉक्टरांनी भरती व्हायला सांगितलं" असेल तर ती चिठ्ठी फाइलला लावायला द्यावी. नसलेलं लक्षण सांगू नका. रक्ताचे रिपोर्ट आणि नर्सच्या तक्त्यावरचे आकडे त्याच्याशी जुळत नाहीत आणि मग खरी फाइलही संशयात जाते.

खोलीबद्दल थोडक्यात. साथीत आयसोलेशन म्हणून सिंगल रूम घ्यावी लागते आणि पॉलिसीत रूमभाड्याची मर्यादा असेल तर फटका फक्त भाड्याला बसत नाही, डॉक्टरांची फी आणि इतर बरेच आकार त्याच प्रमाणात कापले जातात. आरोग्य संजीवनीसारख्या प्रमाणित पॉलिसीत रोजचं रूमभाडं विमा रकमेच्या २ टक्के, पण जास्तीत जास्त ५,००० रुपये, असं आहे. तुमच्या पॉलिसीत हा आकडा काय आहे ते आजच बघून ठेवा.

आता घरच्या उपचारांकडे येतो.

साध्या पॉलिसीत घरच्या उपचारांसाठी दोन वेगळी कलमं असू शकतात आणि लोक दोन्ही एकच समजतात. पहिलं डोमिसिलिअरी हॉस्पिटलायझेशन. हे जुनं कलम आहे, बऱ्याच पॉलिसींत असतं. त्याची व्याख्या ठरलेली आहे: आजार असा हवा की एरवी त्याला दवाखान्यात भरती व्हावंच लागलं असतं, पण एकतर रुग्णाला हलवण्यासारखी स्थिती नव्हती, नाहीतर दवाखान्यात जागा नव्हती, म्हणून उपचार घरी झाले. या दोनपैकी एक कारण लागतंच. "दवाखान्यात संसर्गाची भीती वाटली", "घरी जास्त बरं वाटतं", "म्हाताऱ्या आईला सोडून जाता येईना" ही कारणं माणूस म्हणून पटतात, पण या कलमात बसत नाहीत. दुसरं कलम होम केअर ट्रीटमेंट. हे कोविडनंतर नव्या पॉलिसींमध्ये आलं. यात जागा नसल्याचं सिद्ध करावं लागत नाही. भरतीची गरज असताना डॉक्टरांनी घरी उपचार करायला सांगितलं, रोज देखरेख ठेवली आणि रोजच्या नोंदींचा तक्ता डॉक्टरांच्या सहीसह ठेवला, एवढं पुरतं. कोरोना कवचमध्ये हेच कलम १४ दिवसांपर्यंत होतं. त्यात डॉक्टरांची फी, नर्स, लिहून दिलेली औषधं, तपासण्या, शिवाय पल्स ऑक्सिमीटर, ऑक्सिजन सिलिंडर आणि नेब्युलायझरही मिळायचं. आताच्या पॉलिसींमध्ये मात्र काही ठिकाणी अट असते की ही सेवा कंपनीच्या यादीतल्या संस्थेकडूनच घ्यायची. घरचे फॅमिली डॉक्टर त्यात चालत नाहीत.

डोमिसिलिअरीच्या कलमाखाली वगळलेल्या आजारांची एक यादी असते आणि ती कोणी वाचत नाही. दमा, ब्रॉन्कायटिस, टॉन्सिल आणि घशाचे संसर्ग, सर्दी-खोकला, इन्फ्लुएन्झा, जुलाब-गॅस्ट्रो, मधुमेह, रक्तदाब, संधिवात, आणि दहा दिवसांपेक्षा कमी काळ चाललेला निदान न झालेला ताप. ही नावं बहुतेक पॉलिसींत थोड्याफार फरकाने सापडतील. आता ही यादी साथींसमोर ठेवून बघा. २००९ साली पुण्यात ज्याने थैमान घातलं तो स्वाइन फ्लू म्हणजे इन्फ्लुएन्झाच. तो घरी झाला तर या यादीमुळे क्लेम गेला. पावसाळ्यात गावात गॅस्ट्रोची साथ आली आणि घरीच सलाइन लावली, गेला. डेंग्यूची तपासणीच केली नाही आणि पेपरवर "व्हायरल फिव्हर" राहिलं, तोही गेला. कोविडचं नाव यादीत नव्हतं, म्हणून तो वाचला. तिथेही ज्यांच्या कागदावर डॉक्टरांनी घाईत "श्वसनमार्गाचा संसर्ग" एवढंच लिहिलं होतं त्यांना यादी दाखवण्यात आली, आणि ज्यांच्या कागदावर "कोविड न्यूमोनिया" होतं, सोबत आरटीपीसीआर आणि छातीचा सीटी होता, त्यांच्याबाबत तो मुद्दा उभाच राहिला नाही. डॉक्टरांनी निदान पूर्ण लिहावं, एवढी विनंती रुग्णाच्या घरच्यांनी जरूर करावी.

एक केस पूर्ण सांगतो, म्हणजे पैसे कुठे मिळतात आणि कुठे अडतात ते दिसेल.

एप्रिल २०२१, नाशिक. सत्तावन्न वर्षांचे गृहस्थ, किराणा दुकान, पाच लाखांची साधी फ्लोटर. पॉलिसीत डोमिसिलिअरी कलम होतं: किमान तीन दिवस उपचार हवेत आणि मर्यादा विमा रकमेच्या १० टक्के, म्हणजे ५०,००० रुपये. ११ तारखेला टेस्ट पॉझिटिव्ह. १४ ला संध्याकाळी ऑक्सिजन ९१-९२. फॅमिली डॉक्टर एमडी होते, त्यांनी भरती करा म्हणून सांगितलं. रुग्णाच्या पत्नीने रात्रभर फोन केले, महापालिकेच्या कंट्रोल रूमलाही केला. ऑक्सिजनचा बेड कुठेच नव्हता. मग डॉक्टरांनी घरीच सुरू केलं: भाड्याचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, इंजेक्शनं द्यायला रोज नर्स, एक दिवसाआड रक्त तपासणी. नऊ दिवसांत माणूस सावरला.

खर्च असा झाला. डॉक्टरांच्या भेटी आणि रोजचे व्हिडिओ कॉल ९,०००. नर्स रोज १,५०० प्रमाणे १३,५००. कॉन्सन्ट्रेटरचं भाडं १२,०००. औषधं आणि इंजेक्शनं १४,६००. रक्ताच्या तपासण्या ८,४००. छातीचा सीटी २,५००. ऑक्सिमीटर १,८००. मास्क, ग्लोव्ह्ज, पीपीई किट, सॅनिटायझर मिळून ४,२००. एकूण ६६,०००. शिवाय कॉन्सन्ट्रेटरची २०,००० डिपॉझिट होती, ती परत मिळाली, त्यामुळे खर्चात धरली नाही. (काही जण भाडं आणि डिपॉझिट एकाच पावतीवर घेतात आणि मग सगळी पावतीच अडकते. दोन वेगळ्या पावत्या मागा.)

कंपनीचं पहिलं पत्र आलं: "होम आयसोलेशन असल्याने क्लेम देय नाही." त्यात कलमाचा उल्लेख नव्हता. त्या बाईंनी फाइल माझ्याकडे आणली तेव्हा मी आधी डॉक्टरांचा १४ तारखेचा कागद शोधला. त्यावर एक ओळ होती: खोलीच्या हवेवर ऑक्सिजन ९१ टक्के, भरतीचा सल्ला दिला, बेड उपलब्ध नसल्याने घरी उपचार सुरू. सगळा क्लेम या एका ओळीवर उभा राहिला, कारण आजार भरतीच्या लायकीचा होता हेही त्यात होतं आणि भरती का झाली नाही हेही. जोडीला त्यांच्या मोबाईलमधली त्या रात्रीची कॉलची यादी होती, दोन दवाखान्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेलं "बेड नाही" हे उत्तर होतं, आणि मुलीने वहीत रोज तीन वेळा लिहिलेले ऑक्सिजन, ताप आणि नाडीचे आकडे होते. त्या वहीच्या पानांवर डॉक्टरांनी आठवणीने सह्या केल्या होत्या. आम्ही तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं की हे होम आयसोलेशन नसून पॉलिसीतल्या डोमिसिलिअरी व्याख्येचं दुसरं कारण आहे, आणि एकेका मुद्द्यापुढे एकेक कागद लावला.

क्लेम मंजूर झाला. पीपीई वगैरे ४,२०० कापले, ऑक्सिमीटर विकत घेतलेली वस्तू म्हणून १,८०० कापले. उरले ६०,०००. कलमाची मर्यादा ५०,०००, म्हणून हातात ५०,००० आले आणि १६,००० घरचे गेले. ११ तारखेच्या टेस्टचे पैसे आम्ही मागितलेच नाहीत, कारण त्या पॉलिसीत डोमिसिलिअरीसाठी आधीचे आणि नंतरचे खर्च धरलेले नव्हते. भरतीच्या क्लेममध्ये हे वेगळं असतं. तिथे भरतीआधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस धरण्याची पद्धत सर्रास आहे, म्हणून त्याच आजाराची घरून केलेली टेस्ट तिथे मिळते.

त्याच गल्लीत दुसरा रुग्ण होता, आजार साधारण तसाच, खर्च जास्त. त्यांच्या डॉक्टरांनी सगळं फोनवर सांगितलं होतं, औषधं व्हॉट्सअ‍ॅपवर नावं टाकून आणलेली. कागद म्हणजे फक्त मेडिकलची बिलं. एकही सही केलेलं प्रिस्क्रिप्शन नाही, ऑक्सिजनच्या नोंदी नाहीत. त्यात काही करता आलं नाही. महिनाभराने डॉक्टरांकडून मागच्या तारखेचा कागद आणू का असं त्यांनी विचारलं, मी स्पष्ट नाही म्हणालो. तो खोटा कागद ठरतो. पकडला गेला तर पूर्ण पॉलिसीच रद्द होण्यापर्यंत जातं.

म्हणजे घरी उपचार सुरू होतात त्याच दिवशी कागद तयार व्हायला हवा. डॉक्टर घरी येऊ शकत नसतील तर त्यांना लेटरहेडवर, नोंदणी क्रमांक आणि तारखेसह, ती एक ओळ लिहून फोटो पाठवायला सांगा आणि मूळ कागद नंतर घ्या. नर्सच्या पावतीवर तिची नोंदणी आणि कोणत्या तारखांना काय दिलं ते हवं. नुसतं "नर्सिंग चार्जेस" चालत नाही. आणि कंपनीला किंवा टीपीएला पहिल्याच दिवशी ईमेलने कळवा की बेड मिळत नसल्याने घरी उपचार सुरू केले आहेत. त्या ईमेलची तारीख नंतर फार उपयोगी पडते, कारण बेड नव्हता हे तुम्ही क्लेमसाठी मागाहून सांगत नाही हे तिच्यातून दिसतं.

साथीत उभारलेली तात्पुरती केंद्रं, म्हणजे मैदानातली जम्बो सेंटर वगैरे, ही घर नव्हेत आणि नेहमीच्या व्याख्येतले दवाखानेही नव्हेत. नेहमीच्या व्याख्येत दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, इतरत्र १५, चोवीस तास डॉक्टर आणि नर्स, ऑपरेशन थिएटर असं सगळं लागतं. जुलै २०२० मध्ये आयआरडीएआयने सांगितलं की केंद्र किंवा राज्य सरकारने परवानगी दिलेली तात्पुरती हॉस्पिटलं कोविडच्या क्लेमसाठी दवाखानाच धरावीत. ती सवलत कोविडपुरती होती. पुढच्या साथीत अशा केंद्रात गेलात तर सरकारी परवानगीचा क्रमांक डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या. दवाखान्याशी करार केलेल्या हॉटेलात नुसतं विलगीकरणासाठी राहिलात तर मात्र ते भाडं मिळेल असं धरून चालू नका.

लसीबद्दल. लसीची किंमत साध्या पॉलिसीत मिळत नाही. कुत्रा वगैरे चावल्यावर घ्यावी लागणारी लस बऱ्याच पॉलिसींत अपवाद म्हणून मिळते, तेवढीच. ओपीडी किंवा वेलनेसचा वेगळा लाभ घेतला असेल तर त्यातून काही मिळू शकतं. लसीनंतर त्रास होऊन भरती व्हावं लागलं तर त्या खर्चाबाबत १८ मार्च २०२१ रोजी आयआरडीएआयने जाहीर खुलासा केला: कोविडच्या लसीच्या दुष्परिणामामुळे झालेली भरती आरोग्य विम्यात पॉलिसीच्या अटींनुसार धरली जाते. तेव्हा अफवा होती की लस घेतली की विमा लागू होत नाही. ती खोटी होती.

पण व्यवहारात तीन वेगवेगळी चित्रं दिसतात. पहिलं, लसीनंतर ताप, अंगदुखी, दंड सुजणं. दोन दिवस घरी पॅरासिटामॉल घेऊन बरं वाटतं. याचे पैसे कुठेच नाहीत, डोमिसिलिअरीतही नाहीत, कारण याला भरती लागलीच नसती.

दुसरं, लसीकरण केंद्रावरच आलेली तीव्र अ‍ॅलर्जी. म्हणून तर लसीनंतर अर्धा तास बसवून ठेवतात. अंगावर गांधी, ओठ सुजणं, धाप, रक्तदाब पडणं. लगेच मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन देतात आणि माणूस तासाभरात सावरतो. दुपारी बाराला घडलं, रात्री आठला घरी सोडलं, तर बिल दहा-पंधरा हजारांचं असूनही साध्या पॉलिसीत बहुधा मिळत नाही, कारण भरतीसाठी सलग २४ तास लागतात आणि २४ तास न थांबताही ज्यांचे पैसे मिळतात त्या डे-केअर उपचारांच्या यादीत अ‍ॅलर्जीचा उपचार सहसा नसतो. अशा रुग्णात काही तासांनी अ‍ॅलर्जी पुन्हा उसळू शकते, म्हणून अनेक डॉक्टर स्वतःहून रात्रभर ठेवून घेतात. तो वैद्यकीय निर्णय आहे, आणि डॉक्टरांनी तो कारणासह लिहिला तर क्लेम सरळ बसतो. क्लेमसाठी मुक्काम वाढवू नका, पण डॉक्टर "रात्रभर थांबा" म्हणाले असताना खर्चाच्या भीतीने घरीही जाऊ नका. याच चित्रात एक उपप्रकार आहे: इंजेक्शनच्या भीतीने चक्कर येणं. माणूस घाबरतो, भरती करतात, ईसीजी, सीटी, सगळे रिपोर्ट नॉर्मल, दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज. हा क्लेम "फक्त तपासणी आणि निरीक्षणासाठी भरती" या वगळणुकीत अडकतो. हे कलम प्रमाणित आहे, जवळपास सगळ्यांच्या पॉलिसीत आहे.

तिसरं चित्र म्हणजे लसीनंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी आलेला मोठा आजार: गुइलां बारे हा नसांचा आजार, हृदयाच्या स्नायूची सूज, रक्ताच्या गुठळ्या. इथे घरचे लोक हट्ट धरतात की डिस्चार्ज कार्डवर "लसीमुळे" लिहा. क्लेमसाठी याची काही गरज नाही. गुइलां बारेचं निदान, त्यासाठी दिलेली इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं आणि भरतीचे दिवस एवढं पुरतं. आजार लसीने आला, संसर्गाने आला की आणखी कशाने, याने देय रक्कम बदलत नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गुइलां बारेची साथ आली, ती दूषित पाण्याशी जोडली गेली, लसीशी नाही. त्या रुग्णांचे क्लेम आणि लसीनंतर तोच आजार झालेल्याचा क्लेम पॉलिसीच्या नजरेत सारखेच. इम्युनोग्लोब्युलिनचा डोस वजनावर असतो, किलोमागे एकूण २ ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या २४ बाटल्या. पाच लाखांची पॉलिसी अशा आजारात आयसीयूसकट लवकर संपते, हे आकड्यानिशी लक्षात घ्या. मूळ पॉलिसीच्या वरच्या खर्चासाठी घेतात त्या टॉप-अप पॉलिसीचा विचार करायचा तो यासाठी.

लसीशी संबंध असल्याची शंका डॉक्टरांना असेल तर तिची नोंद लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटना म्हणून जिल्हा लसीकरण अधिकाऱ्याकडे जाते आणि कारण ठरवायचं काम तिथल्या समितीचं. त्याला वेळ लागतो. क्लेम त्याच्यासाठी थांबवून ठेवायचं कारण नाही. आणि वैयक्तिक अपघात पॉलिसीतून लसीच्या दुष्परिणामाचे पैसे मागू नका. तिथे "बाह्य, दृश्य आणि आघाती कारण" लागतं, लसीची प्रतिक्रिया त्यात सहसा धरत नाहीत.

तुमच्या पॉलिसीत आता बघायचं ते एवढंच: डोमिसिलिअरी कलम आहे का, त्याची मर्यादा किती, त्याखालच्या यादीत इन्फ्लुएन्झा आहे का, आणि होम केअर वेगळं दिलंय का. एजंटकडून तोंडी नको, पॉलिसी वर्डिंगच्या पीडीएफमधलं पान मागा. होम केअर नसेल तर पुढच्या रिन्यूअलला कंपनीला विचारा, किंवा ते असलेल्या पॉलिसीत पोर्ट करा. पोर्ट केल्यावर आधीच्या वर्षांचा वेटिंग पिरियड जमेस धरतात. त्यासाठी रिन्यूअलच्या किमान ४५ दिवस आधी हालचाल सुरू करा.

आणि क्लेम नाकारला गेला तर पत्रात कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा. २९ मे २०२४ च्या मास्टर परिपत्रकानुसार कंपनीच्या क्लेम समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, म्हणून समितीने तो पाहिला का हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. पहिलं नाकारणं बऱ्याचदा टीपीएच्या टेबलावरच झालेलं असतं आणि या प्रश्नाने फाइल पुन्हा उघडते. तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहून महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. त्याची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो, ती तारीख चुकवू नका.